गुरुवारी सोडलेले युरो नाशिकला मंगळवारी का पडतात

द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला की आमच्या ऑफिसात एकच प्रश्न रोज येतो: "पार्टीनं पेमेंट सोडलंय म्हणते, मग पडलं का नाही?" मी दिंडोरी आणि निफाड पट्ट्यातल्या काही द्राक्ष निर्यातदारांचे बँकेचे आणि हिशोबाचे व्यवहार सांभाळतो. बऱ्याच वेळा या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत असतं: पार्टीनं सोडलंय, पण तिच्या बँकेची वेळ उलटून गेल्यावर सोडलंय. त्या एका ओळीमागे मात्र बरंच काही आहे. तेवढं समजलं तर एका कंटेनरमागे चार-पाच दिवसांचं व्याज वाचतं.

हा गोंधळ आजकाल वाढलाय, आणि त्याला कारण आपल्याकडची सोय आहे. देशातल्या देशात पैसे पाठवताना वेळेची मर्यादा आपण विसरून गेलो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाला ४८ बॅच लागतात. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र झालं. पिंपळगावच्या शेतकऱ्याला रविवारी रात्री दहा वाजता मोबाईलवरून पैसे टाकले तरी जेवण उरकेपर्यंत त्याचा मेसेज येतो. इथे कट-ऑफ उरलाय तो फक्त शाखेच्या काउंटरचा: फॉर्म भरून दिला आणि वेळ संपली असेल, तर एंट्री दुसऱ्या दिवशी. त्यामुळे मालकांना वाटतं, जगभर असंच असणार. रॉटरडॅमहून येणारा युरो मात्र अजूनही जुन्या पद्धतीनं, कामाचे दिवस आणि कामाचे तास पाळत येतो.

मी इथे त्याच एका वाटेबद्दल लिहितोय: नेदरलँड्सचा खरेदीदार, युरोमधलं पेमेंट, नाशिकच्या शाखेतलं चालू खातं. डॉलर किंवा पौंडाच्या वेळा वेगळ्या असतात, पण तारीख पुढे ढकलली जाण्याची तऱ्हा तीच.

व्हॅल्यू डेट म्हणजे नक्की कोणती तारीख

एका पेमेंटला निदान तीन तारखा असतात, आणि भांडणं होतात ती तिन्ही एकच धरल्यामुळे. पहिली तारीख खरेदीदारानं नेटबँकिंगवर बटण दाबल्याची. दुसरी त्याच्या बँकेनं त्याच्या खात्यातून रक्कम वळती केल्याची. तिसरी व्हॅल्यू डेट, म्हणजे ज्या दिवशी एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे पैसे खरोखर चुकते होतात आणि ज्या दिवसापासून ते समोरच्याचे मानले जातात. व्याज या तिसऱ्या तारखेवर चालतं. खरेदीदार तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवतो तो बहुधा पहिल्या तारखेचा. तो खोटं बोलत नसतो, त्याच्यापुरतं काम झालेलं असतं.

तुमच्या स्वतःच्या स्टेटमेंटवरही हे दिसतं. बहुतेक बँकांच्या स्टेटमेंटमध्ये `Txn Date` आणि `Value Date` असे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. वर्षभर दोन्हीकडे एकच तारीख छापलेली असते म्हणून कुणी बघत नाही. ज्या दिवशी त्या वेगळ्या दिसतात, त्या दिवशी थांबून बघायचं, कारण पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे निर्यातीच्या मालावर बँकेनं दिलेल्या कर्जाचं, किंवा सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं व्याज उजवीकडच्या रकान्यावरून मोजलं जातं.

वाटेत तीन दारं आहेत

पहिलं दार खरेदीदाराच्या बँकेचं. युरोपच्या बाहेर पैसे पाठवण्यासाठी प्रत्येक बँकेची स्वतःची कट-ऑफ वेळ असते, कुठे दुपारी, कुठे संध्याकाळच्या जवळ. ती वेळ उलटल्यावर दिलेली सूचना बँक आजची मानत नाही. यात बँकेची मनमानी नाही. युरोपीय संघाचा पेमेंट सेवांबाबतचा २०१५ चा निर्देश आहे, त्याच्या कलम ७८ मध्ये हे लिहिलेलं आहे: बँकेला कामकाजाचा दिवस संपण्याच्या सुमाराला एक वेळ ठरवता येते, आणि त्या वेळेनंतर आलेली सूचना पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असं धरलं जातं. "धरलं जातं" हे शब्द महत्त्वाचे. सूचना संगणकात आजच पोचलेली असते, स्क्रीनवर हिरवी टिकही येते, पण कायद्याच्या हिशोबानं ती उद्या पोचलेली असते.

दुसरं दार युरो जिथे खरोखर चुकते होतात त्या यंत्रणेचं. तिचं नाव टी-टू. युरोपीय मध्यवर्ती बँक आणि युरो वापरणाऱ्या देशांच्या मध्यवर्ती बँका मिळून ती चालवतात, आणि मार्च २०२३ मध्ये तिनं जुन्या टार्गेट-टूची जागा घेतली. तिथे ग्राहकांची पेमेंट घेण्याची वेळ मध्य युरोपच्या घड्याळानं संध्याकाळी ५ ला संपते, बँका-बँकांमधली ६ ला. शनिवार-रविवार ती बंद, आणि वर्षात आणखी सहा दिवस बंद: १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, १ मे, २५ आणि २६ डिसेंबर. या सहांतले तीन दिवस द्राक्षाच्या पेमेंटच्या ऐन काळात पडतात. नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते, त्या दिवशी मात्र टी-टू चालू असतं. फक्त बटण दाबायला ऑफिसात कुणी नसतं, ती गोष्ट वेगळी.

तिसरं दार आपल्या बँकेचं. भारतीय बँकेचं युरोतलं खातं युरोपातल्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. युरो त्या खात्यात जमा होतात, नाशिकला येत नाहीत. नाशिकला येतात ते रुपये, आणि त्यासाठी आपल्या बँकेनं ते युरो तुमच्याकडून विकत घ्यावे लागतात. भारतातला परकीय चलनाचा आंतरबँक बाजार सकाळी ९ ते दुपारी ३.३० चालतो. म्हणून बँकांच्या मोठ्या रकमांच्या रेटची वेळही साधारण त्याच्या आसपास संपते.

आता घड्याळं जुळवून बघा. उन्हाळी वेळ लागू असताना नेदरलँड्स आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. म्हणजे आपला बाजार बंद होतो तेव्हा तिकडे उन्हाळ्यात दुपारचे १२ आणि हिवाळ्यात सकाळचे ११ वाजलेले असतात. तिकडचा अर्धा दिवसही झालेला नसतो. त्याच दिवशी युरो नॉस्ट्रोत पडून त्याच दिवशी रुपये व्हायचे असतील, तर ही खिडकी फार अरुंद आहे.

एक पेमेंट, तारखेसकट

२०२६ चं कॅलेंडर घेऊ. बिल ४८,६०० युरोचं. खरेदीदार गुरुवारी २ एप्रिलला पैसे सोडायचं कबूल करतो. त्याच्या बँकेची भारताकडच्या पेमेंटची कट-ऑफ दुपारी ३.३० आहे असं धरू. त्याचा हिशोबनीस दुपारी ४.१० ला बटण दाबतो, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ७.४०. लगेच व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट येतो, तारीख २ एप्रिल. मालक खूश.

चाळीस मिनिटांचा उशीर. एरवी त्याची किंमत एक दिवस झाली असती. पण पुढचा कामकाजाचा दिवस कोणता ते बघा. शुक्रवार ३ एप्रिल, गुड फ्रायडे, टी-टू बंद. शनिवार, रविवार बंद. सोमवार ६ एप्रिल, ईस्टर मंडे, बंद. म्हणजे सूचना मिळाली असं धरलं जाणार मंगळवारी ७ एप्रिलला, आणि खरेदीदारानं तातडीचा पर्याय निवडला असेल तरच व्हॅल्यू डेट तीच पडणार. साधा पर्याय निवडला असेल तर बँक आणखी एखादा दिवस घेऊ शकते. युरोपच्या आत पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोचलेच पाहिजेत असा नियम आहे, पण तो भारतात येणाऱ्या पेमेंटला लागू नाही.

मधल्या शनिवारी आणि सोमवारी आपल्या शाखा उघड्या असतात. तुम्ही शाखेत जाऊन उभे राहिलात तरी साहेबांकडे दाखवायला काही नसतं, कारण युरो हललेलेच नाहीत. इथे रागावून उपयोग नाही.

मंगळवार उजाडतो. तिकडे सकाळी कधीतरी रक्कम नॉस्ट्रोत जमा होते. समजा १०.३० ला झाली, म्हणजे आपल्याकडे दुपारी २. आपल्या बँकेच्या मुंबईच्या केंद्रीय कक्षाला संदेश दिसतो, तिथून शाखेला, शाखेतून तुम्हाला फोन: हे कशाचे पैसे, कोणतं बिल, रुपयात करायचे की परकीय चलनाच्या खात्यात ठेवायचे? तुम्ही बागेत असता, रेंज नसते, कागद संध्याकाळी ५ ला मेल करता. बाजार बंद झालेला. रुपये बुधवारी ८ एप्रिलला पडतात.

हिशोब सोयीसाठी १ युरो = १०० रुपये धरून करू. ४८.६० लाख रुपये, पॅकिंग क्रेडिटवर समजा ९ टक्के व्याज. एका दिवसाचं व्याज साधारण १,१९८ रुपये. व्हॅल्यू डेट २ एप्रिलची मिळाली असती आणि हिशोबात ८ ची धरली गेली, तर सहा दिवसांचे ७,१९० रुपये. यातले पाच दिवस तिकडच्या चाळीस मिनिटांनी खाल्ले आणि एक दिवस आपल्याकडच्या मेलनं. रक्कम डोळ्यात पाणी आणणारी नाही, मान्य. पण हंगामात असे दहा कंटेनर धरा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पैशावर शेतकऱ्यांना दिलेला शब्द असतो.

आधीच करायची कामं

सगळ्यात आधी करारातला शब्द बदला. "पेमेंट अमुक तारखेपर्यंत करावं" असं लिहिलं की खरेदीदार बटण दाबल्याची तारीख दाखवून मोकळा होतो. त्याऐवजी रक्कम आमच्या बँकेच्या नॉस्ट्रो खात्यात अमुक व्हॅल्यू डेटनं जमा झाली पाहिजे, असं लिहा. जुना खरेदीदार यावर कुरकुर करत नाही, त्यांच्याकडे हा शब्द रोजच्या वापरातला आहे. आपल्याला तो मागायला संकोच वाटतो, एवढंच.

मग तारीख उलटी मोजा. तुम्हाला रुपये ज्या दिवशी हवेत, त्या दिवसाच्या आधीचा एक दिवस, जेव्हा आपली बँक आणि टी-टू दोन्ही चालू आहेत, ती तुमची व्हॅल्यू डेट. त्याच्याही आधीचा टी-टूचा कामकाजाचा दिवस म्हणजे खरेदीदारानं बटण दाबायचा शेवटचा दिवस. आणि त्या दिवशी वेळ त्याच्या घड्याळानं दुपारी १२ च्या आत. बँकेची कट-ऑफ ३.३० असेल तर १२ कशाला, असं विचारतील. कारण मोठ्या रकमेला त्यांच्याकडे दोन जणांची मंजुरी लागते. पहिल्यानं ११ ला टाकलेलं दुसरा ३.४५ ला मंजूर करतो, आणि बँक दुसऱ्याची वेळ धरते. आमच्या बाबतीत निम्मे उशीर याच जागी झालेले आहेत.

आमच्याकडे एक भिंतीवरचं कॅलेंडर आहे, पंचांगाचंच, त्यावर मी दर जानेवारीत टी-टूच्या सुट्ट्या लाल शाईनं आणि महाराष्ट्रातल्या बँकांच्या सुट्ट्या निळ्या शाईनं खुणावतो. गुड फ्रायडे आणि १ मे या दिवशी दोन्ही रंग असतात. १ मे तिकडे कामगार दिन, इकडे महाराष्ट्र दिन. २०२६ मध्ये तो शुक्रवारी येतो, म्हणजे टी-टू सरळ सोमवारीच उघडतं. १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशोबबंदी आणि १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, या दोन्हींवर फक्त निळी खूण असते. अशा दिवशी तिकडे युरो जमा होतात आणि इकडे दार बंद असतं. व्हॅल्यू डेट १४ ची, रुपये १५ ला.

खरेदीदाराला आठवण करताना मी नुसतं "लवकर सोडा" असं कधीच लिहीत नाही. दोन गोष्टी लिहितो: व्हॅल्यू डेट कोणती हवी, आणि पाठवताना तातडीचा पर्याय निवडा. कधी एखादा नवा हिशोबनीस उत्साहानं म्हणतो की आम्ही इन्स्टंट पेमेंट करतो, दहा सेकंदांत पोचेल. ती सोय युरोपातल्या ठरावीक देशांच्या आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक असलेल्या खात्यांपुरती आहे. भारतातल्या खात्याला आयबॅन नसतो, त्यामुळे ते इथवर येत नाही. नम्रपणे सांगावं आणि नेहमीचं स्विफ्ट पेमेंट, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून जाणारं, करायला लावावं.

स्विफ्ट कॉपी कशी वाचायची

स्क्रीनशॉट आला की मी धन्यवाद म्हणतो आणि स्विफ्ट कॉपी मागतो. ती खरेदीदाराच्या नेटबँकिंगमधून निघते किंवा बँकेकडून मिळते. जुन्या साच्यातल्या कॉपीत ही ओळ शोधा:

```
:32A:260407EUR48600,00
```

पहिले सहा अंक व्हॅल्यू डेट: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २६-०४-०७, म्हणजे ७ एप्रिल २०२६. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोरानं ही ओळ आपल्या सवयीनं आधी दिवस धरून वाचली आणि मालकाला फोनवर सांगितलं की पैसे २६ एप्रिलला येणार आहेत. मालकानं रॉटरडॅमला फोन लावून जे काही सुनावलं, ते निस्तरायला मला दोन दिवस लागले. शेवटचा स्वल्पविराम दशांश चिन्हाच्या जागी असतो, हजाराच्या नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून देशादेशांमधली अशी पेमेंट नव्या साच्यातल्या संदेशांवर गेली आहेत. काही बँका अजूनही ग्राहकाला जुन्या रूपातली प्रत छापून देतात, काही नव्या रूपातली. नव्यात हेच असं दिसतं:

```
<IntrBkSttlmAmt Ccy="EUR">48600.00</IntrBkSttlmAmt>
<IntrBkSttlmDt>2026-04-07</IntrBkSttlmDt>
```

इथे तारीख सरळ वाचता येते. याच कॉपीत `UETR` नावाचा ३६ अक्षरांचा लांबलचक क्रमांक असतो. तो जपून ठेवा. पुढे पैसे कुठे अडकले हे विचारायची वेळ आली, तर तुमच्या बँकेला बिल नंबरापेक्षा हाच क्रमांक उपयोगी पडतो, कारण वाटेतली प्रत्येक बँक तो जसाच्या तसा पुढे देते.

कॉपीवरची तारीख तुमच्या अपेक्षेपेक्षा पुढची असेल तर पैसे हरवलेले नाहीत, फक्त शेतकऱ्यांना शब्द देताना कॉपीवरचीच तारीख धरायची. आणि कॉपी मिळतच नसेल, "उद्या पाठवतो" चाललं असेल, तर बहुधा पेमेंट अजून दुसऱ्या मंजुरीला थांबलंय. त्या अवस्थेत कॉपी तयारच होत नाही.

आपल्या बाजूचा दिवस वाचवणं

तिकडची तारीख आपल्या हातात नसते, पण इकडचा एक दिवस पूर्ण आपल्या हातात असतो, आणि तोच लोक सर्वांत सहज घालवतात. स्विफ्ट कॉपी हातात आली की व्हॅल्यू डेटची वाट न बघता त्याच दिवशी शाखेला डिस्पोजल इन्स्ट्रक्शन, म्हणजे आलेल्या पैशांचं काय करायचं याची लेखी सूचना, देऊन ठेवा. त्यात रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव, बिल आणि शिपिंग बिलाचे नंबर, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड आणि रुपयात करायचे की काय, एवढंच लागतं. माल जाऊन बिल वसुलीला दिलेलं असेल तर कोड `P0102`, ॲडव्हान्स आलेला असेल तर `P0103`. हा कोड चुकला की पैसे पडतात, पण पुढे बिलाशी जुळत नाहीत आणि ते निस्तरताना आठवडे जातात.

रेटचंही तसंच. छोट्या रकमेला बँक आपला ठरलेला कार्ड रेट लावते. पन्नास लाखांच्या आसपासच्या रकमेला डीलरकडून बाजाराचा रेट मागावा, आणि तो मिळतो बाजार चालू असेपर्यंतच. व्हॅल्यू डेटच्या दिवशी सकाळी शाखेला फोन करून "आज येणार आहेत, आल्या आल्या रेट घ्यायचा आहे" असं सांगून ठेवलं, तर दुपारी २ ला आलेले युरो ३.३० च्या आत रुपये होऊ शकतात. न सांगता होणं जवळजवळ अशक्य. कारण काही बँका नॉस्ट्रोत पैसे जमा झाल्याचा वेगळा संदेश लगेच बघतात, तर काही दिवसअखेरीच्या स्टेटमेंटवरून जुळवतात. आपली बँक कोणत्या प्रकारची आहे हे एकदा हंगामाच्या आधी विचारून घ्यावं. मी विचारलं तेव्हा शाखेतल्या माणसालाही ठाऊक नव्हतं, त्यानं मुंबईला फोन करून सांगितलं.

उशीर झालाच, तर कुणाच्या दारात

तीन तारखा एका कागदावर मांडा: बटण दाबल्याची तारीख आणि वेळ, स्विफ्ट कॉपीवरची व्हॅल्यू डेट, आणि तुमच्या स्टेटमेंटवरच्या दोन्ही तारखा.

पहिली आणि दुसरी यांत अंतर असेल, तर प्रश्न खरेदीदार आणि त्याच्या बँकेमधला आहे. त्यानं कट-ऑफच्या आधी, मंजुरीसकट, सूचना दिली होती असं त्याच्या नोंदीवरून दिसत असेल, तर त्याला आपल्या बँकेकडे तक्रार करता येते. नसेल, तर करारातल्या शब्दांवरून तुम्ही व्याज मागू शकता. म्हणून ते शब्द आधी लिहायचे.

दुसरी आणि तिसरी यांत अंतर असेल, तर आपल्या शाखेत जा. वरच्या उदाहरणात युरो ७ तारखेला नॉस्ट्रोत होते आणि रुपये ८ ला पडले. तुमचे कागद आधीच दिलेले असतील, तर लेखी मागणी करा की पॅकिंग क्रेडिट फेडताना ७ एप्रिलची व्हॅल्यू डेट द्यावी. मान्य झालं तर स्टेटमेंटवर असं दिसेल:

```
Txn Date     Value Date
08-04-2026   07-04-2026
```

मग एका दिवसाचं व्याज परत येतं. प्रत्येक शाखा हे आनंदानं देते असं नाही. एकदा मला तीन फेऱ्या घालाव्या लागल्या, आणि शेवटी काम झालं ते भांडून नव्हे, तर डिस्पोजलच्या मेलवरची वेळ दाखवून. कागद तुम्हीच उशिरा दिले असतील तर मागणी करू नका, नाव खराब होतं.

आणि दोन्हीकडे अंतर नसूनही पैसे नाहीत, असं झालं तर ती कट-ऑफची गोष्ट नाही. नाव किंवा खाते क्रमांक जुळत नसेल, नाहीतर मधल्या बँकेनं तपासणीसाठी थांबवलं असेल. तेव्हा `UETR` देऊन शोध घ्यायला सांगायचं.

२०२७ च्या मार्चसाठी

पुढच्या हंगामाचं कॅलेंडर मी आत्ताच खुणावून ठेवलंय, कारण ते वाईट आहे. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला येतो. गुड फ्रायडे २६ मार्च, दोन्हीकडे बंद. २७ तारखेला चौथा शनिवार, म्हणजे आपल्याही बँका बंद. सोमवारी २९ ला आपण चालू, टी-टू बंद. गुरुवारी २५ मार्चला कट-ऑफनंतर सोडलेलं पेमेंट मंगळवारी ३० मार्चची व्हॅल्यू डेट घेईल. त्या दिवशी दुपारी ३.३० च्या आत रुपये झाले नाहीत, तर हातात एकच दिवस उरतो, ३१ मार्च, आणि त्या दिवशी शाखेत काय असतं हे सांगायला नको. तोही हुकला तर १ एप्रिलला ग्राहकांसाठी दार बंद, म्हणजे रुपये २ एप्रिलला आणि वसुली पुढच्या आर्थिक वर्षात. शिवाय तिकडची घड्याळं त्याच रविवारी, २८ मार्चला, एक तास पुढे जातात: गुरुवारी अंतर साडेचार तासांचं, मंगळवारी साडेतीनचं. माझ्या यादीतल्या खरेदीदारांना मी व्हॅल्यू डेट २४ मार्चची मागणार आहे, आणि बटण दाबायला २३ तारखेची दुपार सांगणार आहे.